तळातली पोळी कोणाच्या ताटात?

*ताई, नमस्कार. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. यंदा आमच्या मुलींच्या हॉस्टेलच्या मेस कमिटीवर मला घेतलंय. आम्ही 160 जणी, मेस ठेकेदाराकडे. मी फॉर्म फिरवला, 112 जणींनी भरला. पोळ्या वातड, गुरुवारचा दुधी नको, शनिवारी नाश्त्याला परत फोडणीचा भात, पनीर आठवड्यातून दोनदा हवं, डोसा हवा, चायनीज हवं असं खूप आलंय. मी सगळं मिळून 27 मुद्द्यांचं चार पानी पत्र लिहिलंय. पण वॉर्डन मॅडम आधीच म्हणाल्यात की मेसचे पैसे वाढणार नाहीत आणि ठेका मे महिन्यापर्यंत आहे. मागच्या वर्षीच्या कमिटीच्या पत्राला उत्तरच आलं नव्हतं. मी काय लिहू म्हणजे त्या खरंच काहीतरी करतील?*
*— कमिटीतली सगळ्यात धाकटी, सांगली जिल्हा*

धाकटे, ते चार पानी पत्र पाठवू नकोस. फाडूही नकोस, त्यातला माल लागणार आहे. मी अकरा वर्षं एका मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते आणि अशी पत्रं माझ्या टेबलावर दर सत्रात येत. एकदा 31 मागण्यांचं आलं होतं, सुंदर अक्षरात, प्रत्येक मागणीखाली लाल रेघ. मी ते वाचलं, मान डोलावली आणि खणात ठेवलं. दुष्टपणाने नाही. त्या 31 पैकी मी उद्या सकाळी उठून नेमकं काय करायचं, हे मला कळेचना. मागच्या वर्षीच्या कमिटीचं पत्रही अशाच एखाद्या खणात असणार.

वॉर्डन स्वयंपाक करत नाहीत. त्यांच्या हातात असतं ते एवढंच: मेसच्या वेळा, ठेक्याला जोडलेला आठवड्याचा तक्ता, हजेरीचा आकडा, आणि ठेकेदाराच्या बिलावरची सही. 'पोळ्या वातड आहेत' यावर त्या सही करू शकत नाहीत. 'पोळ्या साडेचारऐवजी पाचला सुरू व्हाव्यात' यावर करू शकतात. तुझ्या 27 मुद्द्यांपैकी किती मुद्दे दुसऱ्या प्रकारात बसवता येतील, ते बघायचं. माझा अंदाज तीन. तीन पुष्कळ झाले.

आधी फॉर्मबद्दल. 'मेसमध्ये काय हवं?' असा प्रश्न रात्री अकराला, भूक लागलेली असताना विचारला की अख्खं हॉस्टेल पनीर लिहितं. ती इच्छा झाली, माहिती नाही. त्यामुळे 112 उत्तरांचे दोन गठ्ठे कर. 'हे हवं' एका बाजूला, 'हे खाववत नाही' दुसऱ्या बाजूला. पत्र निघणार ते दुसऱ्या गठ्ठ्यातून. आणि फॉर्म न भरलेल्या 48 जणींमध्ये बऱ्याच अशा असतील ज्या मेसला येतच नाहीत, खोलीत मॅगी करून खातात. त्यांच्यातल्या पाच-सहाजणींना गाठून फक्त एवढं विचार: काल ताटात काय टाकलंस, आणि कधीपासून यायचं सोडलंस? फॉर्मपेक्षा जास्त कळेल.

आता पोळी. पत्रात तू ती पहिल्यांदा लिहिलीस, म्हणजे बहुतेक तीच सगळ्यात मोठी आहे. मुली म्हणतात वातड, ठेकेदार म्हणतो 'गहू तोच आहे', मावशी म्हणतात 'गरम गरम केल्यात की'. तिघंही खरं बोलत असतात, हे मला फार उशिरा समजलं.

आमच्याकडेही साधारण तुमच्याएवढ्याच मुली होत्या. सरासरी तीन पोळ्या धरल्या तर 480. एक लाटणारी आणि एक भाजणारी अशी मावशींची जोडी तासाला दीडशेच्या आसपास पोळ्या काढते, तेही हात बसलेला असेल तर. म्हणजे सव्वातीन तासांचं काम. जेवण साडेसातला, म्हणून त्या साडेचारला तवा ठेवायच्या आणि पावणेआठपर्यंत उरकायच्या. पोळ्या एकावर एक एकाच मोठ्या स्टीलच्या डब्यात. मी एका संध्याकाळी नुसती स्टूल टाकून तिथे बसले, तेव्हा डोक्यात उजेड पडला. वाढताना पोळी वरून उचलतात. साडेसातला येणाऱ्या मुलीला आत्ताच तव्यावरून उतरलेली पोळी. आणि नऊला लॅबवरून धावत येणाऱ्या मुलीला डब्याच्या तळातली, म्हणजे साडेचारची. एकाच मेसमध्ये, एकाच रात्री, एकीची पोळी पाच मिनिटांची आणि दुसरीची साडेचार तासांची. आणि मेस कमिटीतल्या मुली लवकर जेवायच्या, त्यामुळे त्यांना तक्रार कळायचीच नाही!

डबाही गुन्हेगार होता. वाफाळती पोळी सरळ डब्यात टाकून झाकण लावलं की वाफेचं पाणी होऊन ते खाली उतरतं. तळातल्या पोळ्या आधी ओलसर होतात, एकमेकींना चिकटतात, आणि पुढे गार होत गेल्या की चामड्यासारख्या ओढाव्या लागतात. यावर उपाय कुठल्याही घरात करतात तोच. तव्यावरून उतरलेली पोळी मिनिटभर वेताच्या टोपलीत किंवा जाळीवर पसरायची, वाफ गेली की सुती फडक्यात, आणि मग डब्यात. कणकेचंही थोडं बघ. मेसमध्ये कणीक घट्ट मळतात, कारण घट्ट कणीक भराभर लाटली जाते, पोळपाटाला चिकटत नाही. पण घट्ट कणकेची पोळी लवकर कडक होते. पाणी जरा जास्त आणि मळल्यावर अर्धा तास झाकून ठेवली तर फरक पडतो. मात्र हे मावशींना तू शिकवायला जाऊ नकोस. हे त्यांना तुझ्यापेक्षा चांगलं येतं, घरी त्या तशीच मळतात. इथे वेळ पुरत नाही म्हणून करत नाहीत.

आम्ही काय केलं? एकाऐवजी तीन डबे. झाकणावर खडूने 1, 2, 3. आधी भरलेला डबा आधी रिकामा करायचा. आणि तवा साडेचारऐवजी पाचला. पाचला सुरू केलं तर काम सव्वाआठपर्यंत चालतं. साडेसातला जेवणारी मुलगी अडीच तासांपूर्वीची पोळी खाते, नऊला येणारी तासाभरापूर्वीची. साडेचार तास कोणाच्याच वाट्याला येत नाहीत. लवकर जेवणाऱ्या मुलींनी पहिल्या आठवड्यात कुरकूर केली, त्यांची ताजी पोळी गेली ना. ती कुरकूर येणार, हे मॅडमना आधीच सांगून ठेव.

सगळ्यात मोठी अडचण मात्र तव्यापाशी नव्हती. आमच्या एका मावशींची गावाकडची शेवटची एसटी आठची होती. सव्वाआठपर्यंत थांबा म्हणणं म्हणजे त्यांना रात्री रस्त्यावर उभं करणं. त्यांची आणि भांडीवाल्या मावशींची कामाची वेळ अदलाबदल करून ते सुटलं. तुझ्याकडे काय असेल मला माहीत नाही, पण पत्र लिहिण्याआधी मावशी घरी कशा जातात हे विचारलं नाहीस, तर तुझा सगळ्यात चांगला मुद्दा तिथेच अडकेल.

हे सगळं तुमच्याकडे असंच आहे असं गृहीत धरू नकोस. जाऊन बघ. ठेकेदाराला आदल्या दिवशी सांगून जा, 'काका, उद्या संध्याकाळी पोळ्या कधी सुरू होतात ते लिहून घ्यायला येते.' न सांगता गेलीस तर ती धाड होते. तीन दिवस तीन गोष्टी लिहून घे: पहिली पोळी किती वाजता, शेवटची किती वाजता, आणि साडेसात व नऊ या दोन वेळी वाढलेल्या पोळीची घडी. पोळी चौघडी घालून उघडायची. घडीवर तडा गेला तर तसं लिही, नाही गेला तर तसं लिही. वातड, चामट, रबर असे शब्द वादाचे असतात. तड्याबद्दल कोणी वाद घालत नाही.

आता दुधी. इथे वजनकाटा लागेल. बॅगा मोजायचा लटकता काटा कोणाकडे तरी असतोच. ताटं जिथे खरकटी करतात तिथली बादली आधी रिकामी तोलून घ्यायची, मग जेवणं संपल्यावर भरलेली. एक आठवडा, रोज रात्री. पातेल्यात उरलेलं वेगळं तोलायचं, कारण ती तक्रार वेगळी आहे. ताटात टाकलेलं म्हणजे आवडलं नाही, पातेल्यात उरलेलं म्हणजे माणसं कमी आली. हे दोन आकडे एकत्र झाले की काहीच कळत नाही. आमच्याकडे दुधीच्या रात्री बादलीत 17 किलो निघाले होते आणि मटकीच्या उसळीच्या रात्री 6. या एका ओळीने ठेकेदार गप्प झाला. कारण ते 17 किलो त्याने विकत आणले होते, चिरून घेतले होते, त्यावर तेल आणि गॅस घातला होता.

दुधीच्या जागी काय, तर मुली म्हणणार पनीर. हिशेब मांडू. भाव मी आमच्या बाजारातले अंदाजाने धरते, तू तुमच्या मंडईतले घाल. माणशी 50 ग्रॅम पनीर म्हणजे 8 किलो. 360 रुपये किलोने 2,880 रुपये. माणशी 100 ग्रॅम दुधी म्हणजे 16 किलो, 40 रुपयांनी 640. माणशी 40 ग्रॅम कोरडी मटकी म्हणजे 6 किलो 400 ग्रॅम, 110 रुपयांनी 704. दुधी आणि मटकीत फरक 64 रुपयांचा, दुधी आणि पनीरात सव्वादोन हजारांचा. पैसे वाढणार नाहीत असं मॅडम म्हणाल्या आहेत, म्हणजे उत्तर ठरलेलंच आहे. वर गंमत अशी की 40 ग्रॅम कोरड्या मटकीत साधारण 9 ग्रॅम प्रथिनं असतात आणि 50 ग्रॅम पनीरातही जवळपास तेवढीच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शिकेत 2000 कॅलरीच्या दिवसाच्या आहारात डाळी-कडधान्यं 85 ग्रॅम धरली आहेत. मेसच्या दोन वेळच्या आमटीत माणशी 25-25 ग्रॅम डाळ पडत असेल तर पन्नास होतात. उसळीच्या दिवशी तो आकडा पुरा होतो.

पनीरची माझी स्वतःची चूक सांगते. एका वर्षी मुलींच्या हट्टापुढे मी आठवड्यातून दोनदा पनीर मान्य करून घेतलं, त्याच दरात. ठेकेदार हसून 'हो मॅडम' म्हणाला, तेव्हाच मला समजायला हवं होतं. पनीर आलं. पण पंधरा दिवसांत आमटी अशी झाली की वाटीचा तळ दिसायचा, भाजीत बटाटा वाढला आणि ताक पाण्याच्या रंगाचं झालं. त्याने फसवलं असं मी म्हणणार नाही. सव्वादोन हजार कुठून तरी निघणारच होते, मी विचारलं नाही कुठून.

उसळीतही पळवाट असते. तक्त्यात नुसतं 'मटकी उसळ' लिहिलंत तर महिन्याभरात रश्श्यात दाणा शोधावा लागतो. म्हणून तक्त्यात वजन लिहून घ्यायचं: 'दर 100 मुलींमागे कोरडी मटकी 4 किलो.' कोरडी हा शब्द महत्त्वाचा, कारण भिजून मोड आले की तिचं वजन दुपटीच्या वर जातं आणि मग 4 किलो म्हणजे नेमकं काय, यावर भांडण. कोरडं धान्य भिजत घालताना कमिटीतल्या एकीने काटा बघायचा, दोन मिनिटांचं काम. आणि उसळ रात्री ठरवून सकाळी होत नाही. गुरुवारी रात्री हवी तर मंगळवारी रात्री भिजवून, बुधवारी सकाळी उपसून फडक्यात बांधावी लागते. उन्हाळ्यात मोड एका दिवसात येतात, जरा जास्त राहिले की आंबूस वास. थंडीत तीच मटकी अंग चोरून बसते, तेव्हा अर्धा दिवस आधी भिजवावी लागते. मटकी दर गुरुवारी केलीत तर दिवाळीपर्यंत तीही बादलीत जाऊ लागेल. आलटून पालटून चवळी, मसूर, वाटाणा घ्या.

शनिवारचा फोडणीचा भात मात्र शनिवारी होत नाही, शुक्रवारी रात्री होतो. शुक्रवारी दुपारी निम्म्या मुली गावाला जातात, मेसमध्ये भात 160 जणींचा शिजतो, उरलेला सकाळी फोडणीला पडतो. रात्रभर उघड्यावर गरम खोलीत राहिलेला भात पोटाला बाधतो, फोडणीने तो दोष जात नाही, हेही मॅडमना माहीत असेलच. उपाय: शुक्रवारी दुपारी बारापर्यंत 'रात्री जेवणार' ही यादी नोटिस बोर्डवर, दोनला आकडा काकांच्या हातात. यात खाड्याचे पैसे परत मागू नकोस. ठेकेदार दर ठरवताना न जेवणाऱ्या मुली धरूनच हिशेब करतो, तिथे हात घातलास की तो बाकीच्या दोन्ही गोष्टींना नाही म्हणेल. तू फक्त आकडा दे आणि बदल्यात शनिवारी ताजे पोहे किंवा उपमा माग. वाचलेल्या तांदळात पोहे बसतात. यादीत नाव घालून न येणाऱ्या आणि नाव न घालता येणाऱ्या मुली निघतीलच, म्हणून आकड्यावर दहा ताटं जास्त धरायची.

डोशाला एक वाक्य पुरे: माणशी दोन म्हणजे 320 डोसे, एका तव्यावर डोशाला दोन मिनिटं, बेरीज तूच कर. चायनीज महिन्याच्या फीस्टला ठेवा.

एक गोष्ट या पत्रात अजिबात मिसळायची नाही. अळी, झुरळ, कुजका वास, कोणाला उलट्या, पिण्याच्या पाण्याची टाकी, असलं काही फॉर्ममध्ये आलं असेल तर ते त्याच दिवशी, वेगळं, फोटो आणि वेळेसकट मॅडमना कळवायचं. त्याला ट्रायल नसते आणि चर्चाही नसते. ठेकेदाराचा चौदा आकडी अन्न परवाना क्रमांक मेसमध्ये दिसेल असा लावलेला असायला हवा, तोही बघून ठेव. सुधारणेच्या पत्रात झुरळ आलं की मॅडम फक्त झुरळ वाचतील, आणि त्यांचं बरोबरच असेल.

पत्र पाठवण्याच्या आदल्या दिवशी काकांना वाचून दाखव. त्यांना ते पहिल्यांदा मॅडमच्या केबिनमध्ये ऐकायला मिळालं, तर तिथे ते प्रत्येक मुद्द्याला 'जमणार नाही' म्हणणार. आदल्या दिवशी ऐकलं तर 'पाचला नाही, पावणेपाचला जमेल' असं काहीतरी म्हणतील. ते पावणेपाच पत्रात घालून टाक.

आता मसुदा. एका पानात बसतो, मेलने पाठव आणि छापील प्रत हातात दे. आकडे मी नमुन्याला घातलेत, तू तुझे मोजलेले घाल. मोजला नसशील तो आकडा काढून टाक.

*माननीय वॉर्डन मॅडम,*

*स. न. वि. वि.*

*मेस कमिटीने घेतलेल्या अभिप्रायात 160 पैकी 112 मुलींनी उत्तरं दिली. त्यातल्या तीन गोष्टी मेसच्या दरात वाढ न करता बदलता येतील असं आम्हाला वाटतं. मेसच्या काकांशी याबद्दल बोलणं झालं आहे. येत्या सोमवारपासून दोन आठवडे करून बघण्यासाठी आपली परवानगी हवी आहे.*

*पहिली गोष्ट रात्रीच्या पोळ्या. 71 मुलींनी पोळ्यांबद्दल लिहिलं आहे. तीन दिवस पाहिलं असता पोळ्या 4.30 ला सुरू होऊन 7.45 ला संपतात आणि आधीच्या पोळ्या डब्याच्या तळाशी राहून शेवटी वाढल्या जातात. साडेसातच्या पोळीला घडीवर तडा जात नाही, नऊच्या पोळीला तिन्ही दिवस गेला. आमची विनंती अशी की पोळ्या 4.45 ला सुरू व्हाव्यात, तीन डब्यांवर क्रमांक घालून त्याच क्रमाने वाढाव्यात. काकांना ही वेळ चालणार आहे. यासाठी एका मावशींना साधारण आठपर्यंत थांबावं लागेल. त्यांना सव्वाआठची बस मिळते, असं त्यांनी सांगितलं. दोन जास्तीचे डबे लागतील.*

*दुसरी गोष्ट गुरुवारची भाजी. मागच्या आठवड्यात दुधीच्या रात्री ताटांतून 15 किलो अन्न टाकलं गेलं, इतर रात्री 6 ते 8 किलो. दुधीऐवजी मोडाची उसळ ठेवावी आणि तक्त्यात 'दर 100 मुलींमागे कोरडं कडधान्य 4 किलो' असं लिहावं. मंडईच्या आजच्या भावाने एका वेळेला साधारण 65 रुपये जास्त लागतात. शुक्रवारी कमी शिजणाऱ्या तांदळातून तेवढे निघतील असं काकांचं म्हणणं आहे.*

*तिसरी गोष्ट शुक्रवारची हजेरी. शुक्रवारी रात्री 160 जणींचा स्वयंपाक होतो, मागच्या दोन शुक्रवारी 92 आणि 88 मुली जेवल्या. दर शुक्रवारी दुपारी दोनला कमिटी काकांना आकडा देईल. त्यावर दहा ताटं जास्त धरून स्वयंपाक व्हावा आणि शनिवारी नाश्त्याला उरलेल्या भाताऐवजी ताजे पोहे किंवा उपमा मिळावा. या बदलात खाड्याचे पैसे मागण्याचा प्रश्न नाही.*

*या दोन आठवड्यांत रोज रात्रीचं टाकलेलं अन्न तोलून वहीत लिहिण्याची जबाबदारी आमची. तिसऱ्या सोमवारी ती वही घेऊन आपल्याला भेटू. फरक पडला नाही तर पहिलाच तक्ता सुरू राहील.*

*पनीर, डोसा आणि इतर पदार्थांच्या मागण्याही आल्या आहेत. त्या सध्याच्या दरात बसत नाहीत. त्यांची यादी मे महिन्यात नव्या ठेक्याच्या वेळी आपल्याला देऊ.*

*आपल्या सोयीने वीस मिनिटं वेळ मिळावा, ही विनंती.*

*आपली नम्र,*
*मेस कमिटीच्या वतीने*

यात 'फरक पडला नाही तर पहिलाच तक्ता' ही ओळ गाळू नकोस, मैत्रिणी कितीही म्हणाल्या तरी. खुर्चीत बसलेल्या माणसाला मागे फिरायची वाट दिसली की होकार पटकन निघतो, हे मी खुर्चीतून सांगते आहे. आणि मे महिन्याची ओळही तशीच राहू दे. नवा ठेका निघतो तेव्हा तक्ता आणि वजनं लिहिली जातात, तेव्हा कमिटीची कोणी मुलगी सहसा तिथे नसते, परीक्षा चालू असते. मार्चमध्येच मॅडमना विचारून ठेव की निविदेचा कागद कधी तयार होतो.

चार दिवसांत उत्तर नाही आलं तर पुन्हा पत्र लिहू नकोस. सकाळी ऑफिस उघडताना वही हातात घेऊन दारात उभी राहा. मॅडम जर म्हणाल्या की तिन्ही नाही, एकच करा, तर पोळी घे. ती रोज 160 ताटांत आहे, दुधी फक्त गुरुवारी आहे.

आणि ट्रायलला हो आलं, तर पहिल्या मंगळवारी रात्री नऊला मेसमध्ये एक चक्कर मार. मटकी भिजली आहे का, ते बघून ये.